आईची खोली आणि सहाशे चाळीस फूट

नकाशे काढून मी पोट भरलं. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालो आणि परभणीत एका इंजिनिअरच्या ऑफिसात टेबलावर वाकून जन्म काढला. पाठ गेली, चष्म्याची भिंगं जाड होत गेली. त्याचं मला काही वाटत नाही, धंद्यात ते चालायचंच. पण एका नकाशात मी एक पलंग काढला होता, बोटभर लांबीचा. तो तेवढा मी काढायला नको होता.

त्या काळात आमच्याकडं फ्लॅट कोणाला माहीत होता? विद्यापीठाच्या नामांतराची धामधूम चालू होती. आज बंद, उद्या मोर्चा, गाव निम्मं उघडं निम्मं झाकलेलं. त्यातच आमच्या साहेबांनी जिंतूर रोडच्या अंगाला तीन मजल्यांची इमारत काढायचं ठरवलं. मजल्यावर दोन घरं, एकूण सहा. लोक ऑफिसात यायचे अन् पहिला प्रश्न एकच विचारायचे, घर वर हवेत आन् खाली जमीन कोनाची? आमच्या माणसाला प्लॉट कळतो. तीस बाय चाळीस म्हटलं की तो पावलं टाकून मोजून घेतो. खेड्यातलं घर तर फुटात मोजतच नव्हते. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं अन् घर किती खणांचं ते सांगायचं. पाच खणांचं माळवदाचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याला आत कोण कुठं झोपत असेल तेसुद्धा कळायचं. भिंती दोन-दोन हात जाड असायच्या, पण त्या कोणी घरात धरायचं नाही. खण म्हणजे आतली जागा, विषय संपला.

फ्लॅटचा हिशेब मला साहेबांनीच शिकवला. वाईट माणूस नव्हता तो, हे आधीच सांगतो. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं त्यांनी मला तीन रेघा दाखवल्या. म्हणाले, घरात झाडू जिथवर फिरतो तेवढं कार्पेट. भिंतीच्या आतल्या कडेपासून समोरच्या भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत. सतरंजी टाकायची म्हटली तर जेवढी लागेल तेवढी. त्यात भिंतींची जाडी मिळव, बाल्कनी मिळव, की झालं बिल्ट-अप. आणि मग जिना, जिन्यापुढची मोकळी जागा, पंपाची खोली, गच्चीवर निघायची खोली, हे सगळं सहा घरांवर वाटून ज्याच्या त्याच्या वाट्याला लाव. ते झालं सुपर बिल्ट-अप. विकायचं ते ह्या शेवटच्या आकड्यावर.

मी आकडे मांडले. हॉल दहा बाय चौदा, एकशे चाळीस. स्वयंपाकघर आठ बाय दहा, ऐंशी. झोपायची खोली दहा बाय अकरा, एकशे दहा. एक बारकी खोली पाच बाय सात, पस्तीस. न्हाणी-संडासाचे छत्तीस, मधल्या बोळीचे एकोणचाळीस. एकूण चारशे चाळीस, हे कार्पेट. भिंतींचे पंचावन्न अन् बाल्कनीचे तीस धरून पाचशे पंचवीस बिल्ट-अप. सामाईक जागेचा वाटा एकशे पंधरा. झाले सहाशे चाळीस. मी साहेबांना म्हणालो, म्हणजे दोनशे फूट घराच्या आत नाहीतच की. ते म्हणाले, नाहीत कसे, जिना काय माणूस डोक्यावर घेऊन फिरतो का, त्यालाही सिमेंट लागतंच. तेही खरंच होतं. हिशेबात खोट नव्हती. खोट होती ती आम्ही तीनपैकी एकच आकडा बोलायचो त्यात.

नगरपालिकेला गेलेल्या नकाशात सगळी मापं होती. पण लोकांना वाटण्यासाठीचं माहितीपत्रक वेगळं निघालं. त्यात साहेबांनी मला आतली मापं टाकू दिली नाहीत, माणसं उगं गोंधळतात म्हणाले. मापांच्या जागी सामान काढ. हॉलमध्ये कोच, खोलीत कपाट, बारक्या खोलीत एक पलंग. पाच बाय सातमध्ये सहा फुटी पलंग काढला तर दार उघडेना, म्हणून मी साडेचार फुटांचा काढला. कागदावर लय छान दिसला. दोन्ही अंगांनी माणूस फिरेल इतकी जागा दिसायला लागली. साहेबांनी पाठ थोपटली, अन् मला बरं वाटलं. त्या शाबासकीची आज लाज वाटते.

आता आक्काचं सांगतो. माझी थोरली बहीण पिंगळीला जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. दाजी पोस्टात. एक पोरगा, एक पोरगी, दोघं कॉलेजच्या वयाला आलेली. आई आमची येलदरीकडच्या गावात थोरल्या भावाकडं होती. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. उजवं अंग गेलेलं. भाऊ शेतात, वहिनीच्या मागं कामं. वहिनी आईला मारत नव्हती की उपाशी ठेवत नव्हती. फक्त गोठ्याच्या बाजूला एका पडवीत ठेवून दिलं होतं, अन् दिवसातून दोनदा कोणीतरी जाऊन यायचं. आक्का दर महिन्याला जायची अन् आईची पाठ पुसताना रडायची. तिला घर पाहिजे होतं ते ह्या एकाच गोष्टीसाठी. आईला एक खोली, तिला स्वतःचं दार, अन् शेजारी आपण.

खोलीला दार हवंच होतं. आमची आई जुन्या वळणाची. जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी खाली पडू दिला नाही. तिचं सगळं आता पलंगावरच करावं लागायचं. हे दाजींच्या किंवा मोठ्या झालेल्या नातवाच्या देखत होणं तिला मरणाहून वाईट वाटलं असतं. आक्काला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मी मोठ्या तोऱ्यात आक्काला माहितीपत्रक नेऊन दिलं. माझ्या हातचा नकाशा, माझ्या ऑफिसची इमारत, माझी बहीण म्हणून साहेबांनी भावात थोडं कमी केलेलं. तिनं बोटानं तो पलंग दाखवला अन् म्हणाली, ही आईची खोली. मी मान हलवली.

पुढच्या रविवारी तिनं मला पिंगळीला बोलावलं. गाडीतून उतरून तिच्या भाड्याच्या घरी गेलो तर अंगण शेणानं सारवून ठेवलेलं, तिच्या हातात रांगोळीचा डबा. म्हणाली, सुतळी धर. तिनं सहाशे चाळीसचा हिशेब केला होता, बत्तीस बाय वीस. गणिताची बाई ती. आम्ही सुतळी ताणली अन् तिनं चारी बाजूंनी रांगोळीची रेघ ओढली. मग आत खोल्या पाडायला लागली. माहितीपत्रक गुडघ्यावर ठेवून, बघून बघून. आईच्या वाट्याला तिनं नऊ बाय दहा काढले. घरातली बाज आणून तिथं टाकली. उशाला तांब्या ठेवायला पाट, पायाशी स्वतःला झोपायला चटई. शेजारणी जमल्या. एक म्हणाली, बाई गं, म्हातारीला तर राजवाडा दिलाव की. आक्का हसली. आईच्या आजारपणानंतर तिला मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मला माहीत होतं की ह्या रेघेच्या आतले दोनशे फूट भिंतीत, बाल्कनीत अन् जिन्यात जाणार आहेत. एक वाक्य बोलायचं होतं. आक्का, ह्यातले चारशे चाळीसच धर. तेवढंच. तोंडाशी आलं होतं, पण मी मूग गिळून बसलो. का, म्हणून विचाराल तर मला आजही एक उत्तर देता येत नाही. साहेबांना कळलं तर काय म्हणतील, हे एक. आपण मोठेपणानं आणलेली गोष्ट आपल्याच तोंडानं बारकी कशी करायची, हे दुसरं. आणि तिसरं, ती हसत होती. मी चहा घेतला, दुपारच्या गाडीनं परत आलो.

कराराच्या दिवशी अजून एक संधी होती. टाइप केलेल्या कागदावर सहाशे चाळीस चौरस फूट अन् त्याच्यापुढं इंग्रजीत सुपर बिल्ट-अप असं होतं. कार्पेटचा आकडा मागच्या पानावरच्या तक्त्यात बारीक अक्षरात होता. साहेब फोनवर बोलत होते. आक्कानं पान माझ्याकडं वळवून हळूच विचारलं, "सुपर म्हंजे काय रे?"

"तसं लिहितात सगळीकडं," मी म्हणालो.

तिनं सही केली. सख्खा भाऊ समोर बसल्यावर बाई मागचं पान कशाला उलटेल? मंजूर नकाशा दाखवा म्हणाली असती तर साहेबांना दाखवावाच लागला असता. पण तो मागायचा असतो हे तिला सांगायचं काम माझं होतं.

दीड-पावणेदोन वर्षांनी ताबा मिळाला. बांधकाम चालू असताना ती दोनदा येऊन गेली होती, पण नुसत्या विटांच्या रांगा बघून माणसाला जागेचा अंदाज येत नाही. उघडं बांधकाम आधी लहानच दिसतं, गिलावा झाला की मोठं दिसतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. कोणी ते मी आता सांगत नाही.

तिसऱ्या मजल्यावर तिनं कुलूप उघडलं. हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं. बारक्या खोलीच्या दारात जाऊन मात्र थांबली. शाळेतून तिनं टेप आणला होता. पाच फूट, सात फूट. पुन्हा मोजलं. दाजी म्हणाले, हे सामानाचं दिसतंय, खोली पुढं असंल. पुढं खोली नव्हती. मग तिनं सगळं घर मोजलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाटीवर मांडावं तसं हिशेबाच्या वहीत उतरवलं, बेरीज केली. चारशे चाळीस. ती माझ्याकडं न बघता म्हणाली की तिची काहीतरी चूक होतेय, शांतपणे पुन्हा मोजायला पाहिजे. चूक स्वतःची धरायची तिची सवयच. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

पलंग आणून बघितला. सात फुटांच्या अंगानं बसला, पण मग दार पलंगाला अडायचं; वीतभर उघडायचं अन् थांबायचं. दार काढून टाकलं तर पलंगाशेजारी दोन फूट राहायचे. आईला कुशीवर वळवायला दोन बाया लागायच्या, एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. त्या अंगाला भिंत होती. अन् दार काढल्यावर ती खोली कसली? दाजी चांगला माणूस, पण तोही शेवटी म्हणाला, राहू द्या त्यांना गावाकडंच, पुढं बघू. आक्का म्हणाली, पुढं कधी?

तिनं आईला आणलंच. हॉलमध्ये ठेवलं, मधे साड्यांचा पडदा बांधला. पडद्यानं काय होतं? दार उघडलं की हॉल. दाजींचे मित्र येणार, पोराचे सोबती येणार. आठ-दहा दिवसांत आईचे ओठ सुकले, जीभ पांढरी पडली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितात? तेव्हा आक्काला उमगलं. आई पाणीच पित नव्हती. प्यायलं की करावं लागणार, अन् करावं लागलं की पडद्याबाहेर जावई. तांब्या दिला की ओठ ओले करायची अन् उरलेलं उशाच्या कापडात सांडून टाकायची. एका हातानं, डाव्या.

हे ऐकल्यावर मी दोन दिवस जेवलो नाही. आता कशाला खोटं बोलू, तिसऱ्या दिवशी जेवलो.

आक्का मात्र तेव्हा पेटली. तिनं करारातलं मागचं पान काढलं, तक्ता वाचला, अन् ऑफिसात कोणाला न विचारता स्वतःच सगळा हिशेब उलगडला. एकशे पंधरा फूट आपले बाहेर आहेत म्हणजे, असं ती दाजींना म्हणाली. तिच्या दारापुढं, जिना संपतो तिथं, सहा बाय नऊची जागा होती. एका कोपऱ्यातून गच्चीकडं जायच्या पायऱ्या. तिनं सुताराला बोलावून तिथं प्लायवूडची भिंत घातली, पायऱ्यांना जेमतेम वाट ठेवली, दार बसवलं, कडी लावली. आईचा पलंग आत नेला. दोन्ही अंगांना माणूस उभा राहू शकत होता. चार दिवस आई पोटभर पाणी प्यायली, असं आक्का नंतर म्हणाली.

पाचव्या दिवशी बाकीचे पाच घरवाले साहेबांकडं आले. माणसं भांडखोर नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गच्चीवर पाण्याची टाकी, तिचा व्हॉल्व्ह उघडायला रोज वर जावं लागतं, त्या वाटेनं आता आडवं होऊन निघावं लागतंय. अन् त्या जागेचा वाटा त्यांच्याही सहाशे चाळीसमध्ये धरलेला होता. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, तुमची बहीण आहे, तुम्हीच समजावा.

मी जिना चढलो. आक्का प्लायवूडच्या दाराशी स्टुलावर बसून वह्या तपासत होती. आत आई पडलेली, दार अर्धं उघडं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सामाईक जागेत आपला वाटा असतो, पण ताबा नसतो. पैसे सगळ्यांनी दिलेत, म्हणून ती कोणा एकाची होत नाही. वापर सगळ्यांचा, कुंपण कोणालाच घालता येत नाही. सहा जणांचे एकशे पंधरा-एकशे पंधरा मिळून ते सगळं होतं, त्यातला हाच तुकडा माझा असं म्हणता येत नाही. इतकं नीट, इतकं सोपं करून मी सांगितलं की मलाच नवल वाटलं. हेच मी दोन वर्षांपूर्वी पिंगळीच्या अंगणात सांगू शकलो असतो.

आक्कालाही तेच वाटलं असणार. तिनं लाल पेनाला टोपण लावलं.

"तुला हे सगळं तवाच म्हाईत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. मी पगारी माणूस, सांगतील तसं काढणारा, असं म्हणता आलं असतं. आक्कानं ते मानलंही असतं, तिला मानायचंच होतं. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

"हो," मी म्हणालो.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपलेच दात अन् आपलेच ओठ, कोणाला सांगणार? तिनं वह्यांचा गठ्ठा उचलला अन् घरात जाऊन दार लावून घेतलं. पलंगावरून आईनं मला हाक मारली. मी तिच्याजवळ गेलो. तिला सगळं ऐकू गेलं होतं; प्लायवूड ते, आवाज काय अडवणार? ती म्हणाली, मला गावाकडं नेऊन सोड. लोकायची वाट आडली माझ्यामुळं.

मी नाही म्हणालो, आक्कानं हातापाया पडून पाहिलं, दाजीसुद्धा थांबा म्हणाले. आईनं ऐकलं नाही. दोन दिवसांनी भाऊ जीप घेऊन आला. जिन्याला वळणं, खाट उतरेना, म्हणून मी आईला पाठुंगळी घेतलं. तिचं वजन काही राहिलंच नव्हतं. डावा हात तिनं माझ्या गळ्यात घट्ट धरला होता, उजवा नुसता लोंबत होता. भाऊ पुढं सामान घेऊन उतरत होता, आक्का वर कठड्याशी उभी होती.

दुसऱ्या मजल्यावर आई माझ्या कानाशी बोलली. बोलणं झटक्यानंतर अडखळायचं, पण हे नीट कळलं.

"तू आक्काला म्हन, मला म्हाईत नव्हतं म्हनून. तुमा दोघांचं तुटायला नगं."

"आई, मी तिला खरं सांगितलंय," मी म्हणालो.

मी उरलेला जिना उतरलो. जीपमध्ये ठेवताना तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला, अन् माझ्याकडं पाहिलं नाही.

त्याच पडवीत, थंडी सरायच्या आत आई गेली. आक्का त्या फ्लॅटमध्ये अजून राहते. भाऊबीजेला मी जातो, ती ओवाळते, जेवायला वाढते. बारक्या खोलीत तिनं गव्हाच्या कोठ्या ठेवल्यात. मी गेलो की ती त्या खोलीचं दार लोटून घेते, अन् मग आम्ही जेवायला बसतो.